नुसता पानाचा मजकूर आला, प्रश्न नाही: उत्तर कसं द्यायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हेल्पडेस्कवर, ईमेलला किंवा चॅटवर उत्तरं देणाऱ्यांसाठी हे पान आहे. कधीकधी एखादा संदेश उघडला की आत मेनूची नावं, बटणांवरचे शब्द, कुकीजची सूचना, तळाची कॉपीराइटची ओळ एवढंच सापडतं. पाठवणाऱ्याला काय हवंय याचा पत्ता नसतो. अशा संदेशाचं काय करायचं, त्यातून किती कळू शकतं आणि कुठे थांबायचं, हे इथे लिहिलं आहे.

असा संदेश म्हणजे स्पॅमच ना? सरळ बंद केला तर?

बहुतेक वेळा स्पॅम नसतो. स्पॅम पाठवणाऱ्याला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं, त्यामुळे त्यात बाहेरची लिंक, फोन नंबर किंवा जाहिरात असते. तुमच्याच साइटचा मेनू कॉपी करून पाठवण्यात त्याचा काही फायदा नाही. म्हणून पहिली तपासणी एवढीच करा: मजकुरातली नावं तुमच्या साइटवरची आहेत का? असतील, तर तो संदेश एका माणसाकडून आला आहे आणि तो माणूस कुठेतरी अडकला आहे असं धरून चाला.

मजकूर दुसऱ्याच कुठल्या साइटचा असेल, तर बहुधा क्लिपबोर्डवर आधीचं काही राहून गेलं आणि तेच पेस्ट झालं. तेव्हा मजकुराचा अर्थ लावत बसू नका. ‘आमच्या पानाऐवजी दुसराच मजकूर आला आहे’ एवढं सांगून प्रश्न विचारा.

मुळात लोक असं का पाठवतात?

कारण स्क्रीनवर जे दिसतंय ते तुम्हालाही दिसावं, असं त्यांना वाटतं. चूक झाल्याची सूचना कॉपी करायला जावं, तर ती पटकन नाहीशी होते किंवा माउसने धड निवडता येत नाही. मग सगळं पान निवडून, कॉपी करून पाठवून देणं सोपं वाटतं. मोबाईलवर एखाद्या शब्दावर बोट दाबून धरलं की ‘सगळं निवडा’ हा पर्याय समोर येतो, आणि तिथेही हेच होतं. पाठवणाऱ्याच्या मते प्रश्न स्पष्टच असतो: ‘हे बघा ना, काय झालंय!’ ते वाक्य लिहायचं तेवढं राहून जातं.

चॅटमध्ये कारण त्याहून साधं असतं. बहुतेक चॅटमध्ये एंटर दाबलं की संदेश जातो. माणूस पेस्ट करतो, पुढची ओळ लिहायला म्हणून एंटर दाबतो आणि अर्धाच संदेश निघून जातो. म्हणून चॅटवर असा मजकूर आला की मिनिटभर थांबा. समोरचा टाइप करतोय असं दिसत असेल तर आणखी थांबा. घाईने ‘काय विचारायचं आहे?’ म्हणालात तर त्याचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न एकाच वेळी पडतात आणि पुढची दोन मिनिटं गोंधळ निस्तरण्यात जातात.

प्रश्न लिहिला होता, पण आपल्यापर्यंत पोचलाच नाही, असं होऊ शकतं का?

होतं, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. उत्तर लिहिण्याआधी हीच शक्यता तपासा. ‘तुम्ही प्रश्नच विचारला नाही’ असं ज्याला सांगायचं, त्याने तो विचारलेला निघाला, तर पुढचं संभाषण बिघडलंच म्हणून समजा.

पहिली जागा म्हणजे फॉर्मची अक्षरमर्यादा. मजकुराच्या चौकटीला `maxlength` लावलेलं असेल आणि कोणी त्याहून मोठा मजकूर पेस्ट केला, तर ब्राउझर जादाचा भाग गुपचूप कापतो. सूचना काहीच येत नाही. त्यानंतर खाली प्रश्न लिहायला गेलं तर एक अक्षरही उमटत नाही, किंवा प्रश्न आधीच एकत्र कॉपी केलेला असेल तर तोच कापला जातो. ओळखायचं असं: मजकूर शब्दाच्या मध्येच तुटला आहे का ते पाहा आणि लांबी मोजा. ती तुमच्या फॉर्मच्या मर्यादेजवळ आली, तर संशय खरा आहे. अगदी तंतोतंत आकडा जुळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. चौकटीत एक धरलेली नवी ओळ फॉर्म पाठवताना दोन चिन्हांची होते, त्यामुळे भरपूर ओळींचा मजकूर सर्व्हरवर मर्यादेपेक्षा मोठासुद्धा दिसतो. मराठीत लिहिणाऱ्यांची जागा आणखी लवकर संपते. ‘प्रश्न’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, पण मोजणीत हलन्ताची चिन्हं धरून सहा.

दुसरी जागा ईमेल. बऱ्याच हेल्पडेस्क प्रणाली उत्तरातला जुना मजकूर कापून फक्त नवा भाग तिकिटात दाखवतात. कोणी ‘या ओळीच्या वर लिहा’ या सूचनेच्या खाली लिहिलं असेल, तर ते लिखाण कापलेल्या भागात जातं. तिकिटातून मूळ ईमेल उघडण्याची सोय असेल तर ती वापरा. विषयाची ओळही वाचा. प्रश्न नेमका तिथे लिहून मोकळे होणारे लोक पुष्कळ आहेत.

मजकुरात सगळा कचराच आहे. त्यातून काय कळणार?

नीट वाचलं तर बरंच कळतं, फक्त वाचण्याची पद्धत वेगळी. इथे वाक्यांचा अर्थ शोधायचा नसतो. पान त्या क्षणी कोणत्या अवस्थेत होतं याच्या खुणा शोधायच्या असतात.

‘Login’ आहे की ‘Logout’, यावरून माणूस आत होता की बाहेर ते कळतं. अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं. एखाद्या मेनूच्या नावापुढे `(current)` असेल, तर तो त्या पानावर होता. हा शब्द पानावर दिसत नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी तो लपवून ठेवलेला असतो, पण कॉपी करताना सोबत येतो. `Skip to main content` आणि `Toggle navigation` हेही त्याच जातीचे. पाठवणाऱ्याने ते शब्द पाहिलेलेच नसतात, म्हणून ‘Toggle navigation वर जा’ असं त्याला सांगण्यात अर्थ नाही.

`more_vert`, `expand_more`, `chevron_right` असले विचित्र शब्द दिसले तर तो बिघाड समजू नका. काही चिन्हांचे फॉन्ट असे बनवलेले असतात की मजकुरात शब्द असतो आणि स्क्रीनवर त्याजागी चित्र उमटतं. `more_vert` म्हणजे तीन उभे ठिपके. दुसऱ्या पद्धतीच्या चिन्हांचे कॉपी केल्यावर रिकामे चौकोन होतात. तेही निरुपद्रवी.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. कॉपी केलेला मजकूर पानाच्या कोडमधल्या क्रमाने येतो, स्क्रीनवरच्या जागेनुसार नाही. पॉप-अप आणि क्षणभर झळकणाऱ्या सूचना स्क्रीनच्या मधोमध किंवा वरच्या कोपऱ्यात दिसत असल्या, तरी कोडमध्ये त्या बहुधा पानाच्या अगदी शेवटी जोडलेल्या असतात. म्हणून वाचायला सुरुवात तळापासून करा. कॉपीराइटच्या ओळीनंतर काही शिल्लक असेल, तर ज्या सूचनेसाठी हा सगळा खटाटोप झाला ती बहुधा तिथेच आहे. एकटंच `×` दिसलं तर ते पॉप-अप बंद करायचं बटण असण्याची शक्यता मोठी.

काय कळत नाही?

चौकटींमध्ये माणसाने काय लिहिलं होतं ते कळत नाही. पान निवडून कॉपी केलं की साध्या मजकुरात चौकटीचं नाव येतं, आतला मजकूर येत नाही. कोणत्या पर्यायावर खूण होती तेही येत नाही. त्यामुळे ‘Email:’ पुढे काही दिसत नाही, म्हणून ‘तुम्ही ईमेल भरलाच नाही’ असा निष्कर्ष काढू नका. ही चूक नेहमी होते.

पानात बसवलेलं दुसरं पानही सोबत येत नाही. पैसे भरण्याची चौकट पुष्कळदा अशी वेगळी बसवलेली असते. तिच्यातली चूक पेस्टमध्ये नसणं म्हणजे चूक झालीच नाही असं नव्हे. काही बटणांवरचा मजकूर निवडताच येऊ नये अशी व्यवस्था असते, तीही बटणं गायब असतात. थोडक्यात, मजकुरात जे आहे त्यावरून बोला. जे नाही त्यावरून काही सिद्ध करायला जाऊ नका.

एखादं उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवाल का?

समजा, संदेशात एवढंच आलं:

```
Skip to main content
Toggle navigation
Home
Orders (current)
Reports
Logout
Show entries
Search:
No   Date   Status
No matching records found
Showing 0 to 0 of 0 entries (filtered from 57 total entries)
Previous  Next
© All rights reserved
×
Saved successfully
```

तळापासून पाहू. कॉपीराइटनंतर `×` आणि `Saved successfully` आहे, म्हणजे काहीतरी जतन झाल्याची सूचना आलेली होती. ही चूक झाल्याची सूचना नाही. माणसाने नुकतंच काही भरलं आणि ते साठवलं गेलं.

वर `Logout` आहे, म्हणजे तो लॉगिन केलेला होता. `(current)` वरून तो ‘Orders’ च्या पानावर होता. आता यादीची ओळ पाहा. वेबवरच्या तक्त्यांसाठी डेटाटेबल्स हे साधन फार वापरलं जातं, आणि त्याच्या ठरलेल्या वाक्यांमध्ये एक नेमका फरक आहे. यादीत मुळात एकही नोंद नसेल तर `No data available in table` येतं. नोंदी आहेत, पण गाळणीतून एकही पार झाली नाही, तर `No matching records found` येतं. इथे दुसरं वाक्य आहे, आणि सोबत `filtered from 57 total entries` हेही. म्हणजे नोंदी 57 आहेत. काहीतरी गाळणी लागल्यामुळे त्या सगळ्या झाकल्या गेल्या आहेत.

`Search:` पुढे काही दिसत नाही, कारण चौकटीतलं लिखाण कॉपीत येतच नाही. पण कंसातल्या त्या ओळीवरून ती चौकट, किंवा रकान्यांना वेगळी गाळणी असेल तर ती, रिकामी नव्हती हे जवळजवळ नक्की.

आता दोन्ही खुणा जोडा. माणसाने नवी नोंद जतन केली, यादीत पाहायला गेला, यादी कोरी! ‘माझं सगळं उडालं’ ही त्याची भीती असावी. ‘असावी’ म्हणतोय, कारण इथून पुढे अंदाज सुरू होतो. उत्तर असं लिहिता येईल:

> नमस्कार. तुमच्या संदेशात ‘Orders’ पानाचा मजकूर आला आहे, प्रश्न मात्र आमच्यापर्यंत पोचलेला दिसत नाही. मजकुरानुसार यादीत 57 नोंदी आहेत, पण शोधाची गाळणी लागल्यामुळे त्या दिसत नसाव्यात. ‘Search’ पुढची चौकट पूर्ण रिकामी करून पाहा. नोंदी दिसू लागतील. अडचण दुसरीच काही असेल, तर या पानावर तुम्हाला काय करायचं होतं ते एका ओळीत कळवा.

चारच गोष्टी आहेत: काय मिळालं, त्यावरून काय दिसतं, एक करून पाहण्याजोगी निरुपद्रवी कृती आणि एक प्रश्न. ‘पोचलेला दिसत नाही’ हे शब्द मुद्दाम आहेत. ‘तुम्ही प्रश्न लिहिला नाही’ असं म्हटलं की दोष त्याच्या माथी जातो, आणि मघाशी पाहिलं तसं, तो दोष फॉर्मचाही असू शकतो.

चौकट रिकामी केली, नोंदी दिसल्या, पण पान पुन्हा उघडल्यावर परत तेच. आता?

वरच्याच उदाहरणात हे घडू शकतं. डेटाटेबल्समध्ये तक्त्याची अवस्था लक्षात ठेवण्याची सोय आहे, ती `stateSave` ने चालू करतात. ती चालू असेल तर शोधलेला शब्द ब्राउझरमध्ये साठवला जातो आणि पान पुन्हा उघडल्यावर परत लागू होतो. बदललं नसेल तर ही साठवण दोन तास टिकते. म्हणून ‘पान रिफ्रेश करा’ हा नेहमीचा सल्ला इथे चालत नाही. चौकट हाताने रिकामी करावी लागते. रिकामी केली की ती रिकामी अवस्था साठते.

तरीही शब्द परत येत असेल, तर ब्राउझर आपणहून चौकट भरतोय का ते विचारा. शोधाच्या चौकटीला लॉगिनची चौकट समजून ब्राउझर तिथे वापरकर्त्याचं नाव किंवा ईमेल घालतो, असा प्रकार होतो. ‘चौकटीत आत्ता काय लिहिलेलं दिसतंय?’ या एका प्रश्नात ते उघड होतं. हे दुरुस्त करणं पान बनवणाऱ्यांचं काम आहे, वापरणाऱ्याचं नाही. तिकीट तिकडे पाठवा.

मजकुरावरून काहीच अंदाज येत नसेल तर?

मग अंदाज सांगूच नका. तीन-चार शक्यता गृहीत धरून प्रत्येकीचं उत्तर लिहिण्याचा मोह होतो. तसं लांबलचक उत्तर वाचलं जात नाही, आणि वाचलं तरी नको त्या सूचना पाळल्या जातात. तेवढंच लिहा:

> तुमच्याकडून मुख्य पानाचा मजकूर मिळाला. त्यावरून अडचण लक्षात आली नाही. तुम्ही काय करायला गेलात आणि त्याऐवजी काय झालं, हे एक-दोन ओळींत लिहाल का?

‘काय करायला गेलात आणि काय झालं’ ही शब्दरचना कामाची आहे. ‘तुमचा प्रश्न काय?’ असं विचारलं की ‘चालत नाही’ एवढंच उत्तर येतं.

स्क्रीनशॉट मागावा का?

पहिल्या उत्तरात नको. स्क्रीनशॉटमध्ये चौकटींतलं लिखाण दिसतं हे खरं, पण प्रश्न त्यातही नसतो. मजकुराच्या जागी चित्र येतं आणि तुम्ही होतात तिथेच राहता. आधी एक वाक्य मिळवा. चौकटीतला मजकूर किंवा खुणा पाहायची गरज पडली तर मग मागा, आणि पानाच्या नेमक्या कोणत्या भागाचा हवा तेही सांगा.

पेस्टमध्ये खासगी माहिती आली असेल तर?

सगळं पान कॉपी केलं की वरच्या पट्टीतलं नाव, ईमेल, खात्याचा क्रमांक, शिल्लक असं बरंच सोबत येतं. पाठवणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. उत्तर देताना तो मजकूर जसाच्या तसा खाली जोडू नका. पानाचं नाव आणि एखादी ओळ उद्धृत केली की पुरे. तिकीट पुढे दुसऱ्या विभागाला पाठवायचं असेल तर आधी ती माहिती झाका.

लिंकच्या बाबतीत जास्त जपा. पासवर्ड बदलण्याची किंवा `token=` असलेली लिंक मजकुरात दिसली तर ती उघडून पाहू नका. अशी लिंक बऱ्याच ठिकाणी एकदाच चालते. तुम्ही उघडलीत तर त्या माणसासाठी ती संपली, आणि एका अडचणीच्या दोन झाल्या. नवी लिंक मागवायला सांगा.

उत्तर दिलं, पण पुढे काहीच आलं नाही. किती वाट पाहायची?

कामाचे दोन दिवस गेल्यावर एक छोटी आठवण आणि आणखी तीन दिवसांनी तिकीट बंद, एवढं पुरेसं आहे. पण बंद करताना ‘याच ईमेलला उत्तर दिलंत तर तिकीट पुन्हा उघडेल’ हे लिहा, आणि ते खरंच उघडतं का हे एकदा स्वतः तपासून ठेवा. मजकुरात पैसे कापले गेल्याची किंवा खातं बंद झाल्याची खूण असेल, तर उत्तराची वाट न पाहता संबंधित विभागाला कळवा.

असे संदेश येऊच नयेत म्हणून फॉर्ममध्ये काही करता येईल का?

येणं थांबणार नाही, पण प्रश्न हरवणं थांबवता येतं. एकाच मोठ्या चौकटीऐवजी दोन द्या. वर छोटी, ‘तुम्हाला काय करायचं होतं?’ या नावाची, आणि ती भरणं सक्तीचं. खाली मोठी, ‘पानावरचा मजकूर किंवा चूक झाल्याची सूचना इथे पेस्ट करा’ अशी, ऐच्छिक. पेस्ट कितीही मोठी असली तरी वरचं वाक्य सुरक्षित राहतं. मोठ्या चौकटीवरचं `maxlength` काढून टाका. मर्यादा हवीच असेल तर उरलेली अक्षरं दाखवा आणि ती ओलांडल्यावर स्पष्ट सूचना द्या, म्हणजे मजकूर मुकाट्याने कापला जाणार नाही.

पानाचा पत्ता फॉर्मने स्वतःच जोडला तर आणखी बरं. ‘मदत’ वर क्लिक केलं तेव्हा माणूस कोणत्या पानावर होता हे कळलं, की मेनूच्या नावांवरून ते शोधत बसावं लागत नाही. फक्त पत्त्यातला `?` नंतरचा भाग आधी काढून टाका. टोकन सहसा तिथेच असतात.